नऊ अर्जदार, एक जामीन

जामिनाची बातमी दिसायला सोपी असते. मंजूर की नामंजूर एवढंच तर सांगायचं. 1 डिसेंबर 2021 ला मुंबई उच्च न्यायालयात एल्गार परिषद प्रकरणातल्या जामीन अर्जांचा निकाल लागला, तेव्हा मात्र एकाच खंडपीठाने, एकाच मुद्द्यावर, एका अर्जदाराला जामीन दिला आणि आठ जणांना नाकारला. सुधा भारद्वाज सुटणार होत्या. सुधीर ढवळे, रोना विल्सन, सुरेंद्र गडलिंग, शोमा सेन, महेश राऊत, वरवरा राव, व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांचे अर्ज फेटाळले गेले. न्यायमूर्ती होते एस. एस. शिंदे आणि एन. जे. जमादार.

बातमी मला लिहायची होती. डेस्कवरून पहिला फोन आला तो असा: ‘‘म्हणजे त्यांच्याविरुद्ध पुरावा नाही असं म्हणालं का कोर्ट?’’

‘‘पुराव्याला हातच लावलेला नाही, सर.’’

‘‘मग जामीन कशावर?’’

‘‘तारखेवर. आणि आदेश देणाऱ्या न्यायाधीशांच्या अधिकारावर.’’

पलीकडे जरा शांतता. मग, ‘‘हे तू वाचकाला कळेल असं कसं लिहिणार?’’ प्रश्न रास्त होता.

अशा निकालाच्या दिवशी मी आधी हेडलाइनचा विचार करत नाही. आधी अर्ज काढून बघते, अर्जदाराने मागितलं काय होतं? इथे मागणी होती डिफॉल्ट जामिनाची. आरोपीला कोठडीत ठेवून ठरलेल्या मुदतीत आरोपपत्र आलं नाही, तर जामीन मागण्याचा त्याला हक्क मिळतो. गुन्हा कितीही गंभीर असो, पुरावा कितीही असो, तो प्रश्न तिथे येतच नाही. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली ही मुदत 90 दिवसांची. सरकारी वकिलांनी तपासाची प्रगती आणि आणखी कोठडी का हवी याची कारणं मांडली, तर न्यायालय ती 180 दिवसांपर्यंत वाढवू शकतं.

मग मी वहीत तारखांची उतरंड मांडली. भारद्वाज यांना ऑगस्ट 2018 मध्ये अटक झाली, पण सुरुवातीचे दोन महिने त्या घरातच नजरकैदेत होत्या. ते दिवस उच्च न्यायालयाने मोजले नाहीत. प्रत्यक्ष कोठडी ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू झाली, म्हणजे 90 दिवस 25 जानेवारी 2019 ला संपले. आरोपपत्र आलं फेब्रुवारीत. मधे जी फट राहिली ती भरून काढत होता पुण्याच्या अतिरिक्त सत्र न्यायाधीशांचा मुदतवाढीचा आदेश. जामिनाचा सगळा वाद या एका आदेशावर टेकला होता.

पुण्यात राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या, म्हणजे एनआयएच्या कायद्याखाली नेमलेलं विशेष न्यायालय होतं, आणि मुदतवाढ देणारे न्यायाधीश त्या न्यायालयाचे नव्हते. ही माहिती भारद्वाज यांच्या बाजूने माहितीच्या अधिकारात मिळवली होती. सरकारचं म्हणणं असं की तेव्हा तपास पुणे पोलिसांकडे होता, एनआयए जानेवारी 2020 मध्ये आली, त्यामुळे साध्या सत्र न्यायालयाला अधिकार होता. खंडपीठाने ते मानलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये बिक्रमजित सिंग प्रकरणात सांगून ठेवलं होतं, की तपास कुणीही करो, विशेष न्यायालय असेल तर मुदतवाढ त्यानेच द्यायची. अधिकारच नसलेल्याचा आदेश गेला, की फट उघडी पडते.

मग बाकीचे आठ? त्यांच्याबाबतीतही हाच अधिकाराचा मुद्दा होता, आणि नेमकं इथेच बऱ्याच बातम्या गोंधळल्या. काहींनी लिहिलं की आठ जणांविरुद्ध पुरावा भक्कम असल्याने जामीन नाकारला. निकालात असं कुठेही नाही. डिफॉल्ट जामिनाचा हक्क मुदत संपल्यावर जन्माला येतो, पण आरोपपत्र येण्याआधी तो मागावा लागतो. आरोपपत्र आलं की न मागितलेला हक्क संपला. भारद्वाज यांचा अर्ज नोव्हेंबर 2018 पासून पडून होता. सरकारने तो मुदतीआधीचा, म्हणून निरर्थक ठरवायला सांगितलं होतं; पण मुदत संपली तेव्हा तो निर्णयाविना प्रलंबित होता, आणि खंडपीठाला तेवढं पुरलं. आठ जणांनी आरोपपत्रापूर्वी असा अर्ज केलेला नव्हता, असा न्यायालयाचा निष्कर्ष. यातल्या तिघांनी, राव, गोन्साल्विस आणि फरेरा यांनी, आम्ही अर्ज केले होते असं सांगत नंतर फेरविचार मागितला. मे 2022 मध्ये तोही फेटाळला गेला. म्हणून मी ‘‘अर्ज केला नव्हता’’ असं सरळ न लिहिता ‘‘अर्ज केला नव्हता असं न्यायालयाने म्हटलं’’ असंच लिहिते. तीन शब्द जास्त जातात, जाऊ देत.

दुपारनंतरचा दुसरा फोन: ‘‘आज बाहेर येणार का? फोटोग्राफर पाठवू भायखळ्याला?’’

नको, म्हटलं. आदेशाचा शेवटचा भाग पुन्हा वाचून दाखवला. भारद्वाज यांना 8 डिसेंबरला विशेष एनआयए न्यायालयापुढे हजर करायचं, अटी आणि सुटकेची तारीख ते न्यायालय ठरवणार. जामिनाचा निर्णय आणि जामिनाच्या अटी ही दोन टेबलांवरची कामं होती, आणि उच्च न्यायालयाने दुसरं टेबल मुद्दाम मोकळं सोडलं होतं. एनआयएने त्याच दिवशी स्थगिती मागितली, ती नाकारली गेली. पण सर्वोच्च न्यायालयाचा दरवाजा उघडा होता, आणि एनआयए गेलीच. म्हणून पहिल्या दिवशीच्या बातमीत मी ‘‘सुटका’’ हा शब्द वापरला नाही. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने एनआयएची याचिका फेटाळली. 8 ला अटी ठरल्या: 50,000 रुपयांचा जातमुचलका, मुंबईबाहेर जायचं नाही, खटल्याबद्दल माध्यमांशी बोलायचं नाही. 9 ला त्या भायखळ्याच्या तुरुंगातून बाहेर आल्या. फोटोग्राफर तेव्हा गेला.

बातमीत एक परिच्छेद मी डेस्कशी भांडून ठेवला. जागा कमी होती आणि उपसंपादकाला तो ‘‘नकारात्मक’’ वाटला. त्यात न्यायालयाने काय ठरवलं नाही ते होतं. संगणकांत सापडलेली म्हणून दाखवलेली पत्रं खरी की घुसवलेली, यावर मत नाही. आरोप टिकतील की नाही, यावर मत नाही. भारद्वाज यांच्यावरचा खटला चालूच राहणार. सुनावणीत न्यायमूर्ती वकिलांना जे प्रश्न विचारतात तेही मी निर्णय म्हणून छापत नाही. आदेशात आलं तरच ते न्यायालयाचं मत, नाहीतर तो युक्तिवादातला संवाद.

या परिच्छेदाचा उपयोग पुढे झाला. 28 जुलै 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने गोन्साल्विस आणि फरेरा यांना जामीन दिला, तेव्हा एका सहकाऱ्याने विचारलं, की 2021 ला नाकारलेला जामीन आता कसा? मी त्याला जुनी कात्रणं पाठवली. 2021 मध्ये त्यांनी मागितला होता मुदत चुकल्याचा जामीन, 2023 मध्ये मिळाला तो गुणवत्तेवर: समोर ठेवलेल्या साहित्यावरून यूएपीएच्या कठोर अटीखाली त्यांना अडवून ठेवण्याइतपत प्रथमदर्शनी आधार न्यायालयाला दिसला नाही. या वेळी पुराव्याकडे बघितलं होतं, तेही प्रथमदर्शनी आणि फक्त जामिनापुरतं. अंतिम दोष किंवा निर्दोषत्व याही वेळी खटल्यावरच सोडलेलं. हेडलाइन दोन ओळींची झाली आणि डेस्कने या खेपेला कुरकुर केली नाही.