विजेच्या तारांच्या वर

स्वप्नातलं माझं उडणं पक्ष्यासारखं नाही, विहिरीत पोहायला शिकलेल्या पोरासारखं आहे. पाठीला डबा बांधलेला नसतो, एवढंच. हातांनी हवा मागे सारायची, पाय झाडायचे, की अंगण खाली जातं. कौलं दिसतात, शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेले सांडगे दिसतात. मग विजेच्या तारा येतात आणि मी त्यांच्या खाली लटपटत राहतो. वर्षानुवर्षं हेच.

एकदा तारांखाली असताना लख्ख वाटलं, माणसं उडत नाहीत, म्हणजे हे स्वप्न आहे! त्या आनंदातच जाग आली. पहिल्यांदा बहुतेकांचं असंच होतं म्हणे.

स्वप्नात असतानाच हे स्वप्न आहे असं कळलं, तर त्याला ल्युसिड ड्रीम म्हणतात. हे नाव रूढ झालं ते फ्रेडरिक व्हॅन ईडन या डच डॉक्टरच्या 1913 सालच्या निबंधामुळे. स्वतःची स्वप्नं वर्षानुवर्षं टिपून ठेवणाऱ्या या गृहस्थाने लिहून ठेवलंय, की स्वप्नात उडायला लागलो की बहुधा ल्युसिड स्वप्न जवळ आलेलं असतं. माझ्या तारांचा मान एकदम वाढला.

लोकांना हे थाप वाटायचं. पण स्वप्नांच्या झोपेत हातपाय लुळे पडलेले असले, तरी डोळे हलतात. 1975 मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न या संशोधकाने याचाच फायदा घेतला. त्याच्या प्रयोगात झोपलेल्या ॲलन वर्स्ली यांनी आधी ठरल्याप्रमाणे स्वप्नातून डोळे डावी-उजवीकडे फिरवले आणि डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या यंत्राच्या कागदावर ती खूण उमटली.

मग मीही नादी लागलो. स्वप्नांची झोप पहाटेकडे लांबत जाते, म्हणून चारला उठायचं, थोडा वेळ बसायचं आणि ‘उडायला लागलो की नाक दाबायचं’ असं घोकत पुन्हा पडायचं. नाक दाबूनही श्वास चालू राहिला, तर स्वप्न नक्की, कारण अंथरुणातलं खरं नाक मोकळंच असतं. बायको म्हणाली, “दिवसा ऑफिसात नाक दाबून बसू नका म्हणजे झालं.” बसत होतो. सवय दिवसा लागली तरच ती रात्री आठवते.

तिसऱ्या आठवड्यात जमलं. नाक दाबलं, श्वास आत गेला. या वेळी हुरळलो नाही. चित्र विरायला लागलं तसे तळवे एकमेकांवर चोळले आणि अंगण पुन्हा स्पष्ट झालं. आता वर. पण ‘जमेल का?’ असं मनात आलं, की हातभर खाली. स्वप्नात वजन शरीराला नसतं, शंकेला असतं. शेवटी तारांकडे पाहायचंच सोडलं आणि नुसते हात मारत राहिलो. तारा पायाखालून गेल्या. अंगाला वारा लागला, पोटात खड्डा पडला.

खूश होऊन वर पाहिलं, तर तारांची आणखी एक रांग.