चकतीतला अर्धा कुठून येतो: माझा अनुभव

"r त्रिज्येची आणि dr रुंदीची एक पातळ कडी विचारात घ्या." बारावीच्या क्लासमधल्या नोट्समधलं हे वाक्य अजून आठवलं तरी माझं डोकं तापतं. कडीच का? तिचं क्षेत्रफळ 2πr dr कुठून आलं? कडीऐवजी दुसरा तुकडा घेतला तर काय बिघडतं? यातलं एकही उत्तर त्या पानावर नव्हतं. पुढच्या ओळीवर लगेच इंटिग्रेशन, त्याखाली M वस्तुमानाच्या, R त्रिज्येच्या चकतीचं जडत्व आघूर्ण I = MR²/2, आणि शेजारी 'महत्त्वाचे' अशी लाल खूण.

रॉडचं गणित मात्र मला पहिल्याच वेळी पटलं होतं. M वस्तुमानाचा, L लांबीचा एकसारखा रॉड. एक मीटरमागे वस्तुमान M/L, म्हणून dx लांबीच्या तुकड्याचं वस्तुमान dm = (M/L) dx. त्याचं अक्षापासूनचं अंतर x. x² dm ची बेरीज करायची. अक्ष मधोमध असेल तर −L/2 पासून L/2 पर्यंत, उत्तर ML²/12. अक्ष टोकाला असेल तर 0 पासून L पर्यंत, उत्तर ML²/3. बदलतात त्या फक्त मर्यादा, dm तोच राहतो. x मोजायचा तो नेहमी अक्षापासून, रॉडच्या डाव्या टोकापासून नाही. एवढं सांभाळलं की रॉडमध्ये अडकण्यासारखं काही नाही.

चकतीशी आल्यावर मी सरांना विचारलं, "सर, चकती सगळीकडे सारखीच आहे ना? मग केंद्रापासून कडेपर्यंतच्या त्रिज्येवर वस्तुमान रॉडसारखंच वाटून का नाही टाकायचं? dm = (M/R) dr." असं केलं की उत्तर MR²/3 येतं. पुस्तकात अर्धा. सर म्हणाले, "अगं, कडी घे म्हटलंय तर कडी घे. परीक्षेत एवढं कोणी विचारत नाही." मागच्या बाकांवरून हसण्याचा आवाज आला. तिथून पुढचे कितीतरी दिवस माझी गाडी याच एका जागेवर रुतली.

वाईट गोष्ट अशी की माझा dm नेहमीच्या तपासणीत पास होत होता. dm मांडला की आधी नुसता dm इंटिग्रेट करून बघायचा, पूर्ण M यायला हवा, ही चाचणी मला माहीत होती. (M/R) dr ला 0 पासून R पर्यंत घेतलं की M येतोच! म्हणजे चाचणी चांगली, पण ती फक्त एकूण वस्तुमान तपासते. ते कुठे किती पडलंय हे तिला दिसत नाही. आणि जडत्व आघूर्णात सगळा खेळ त्या 'कुठे'चाच असतो.

उकल झाली ती वहीच्या मागच्या पानावर. कंपासने एकाच केंद्रावर पाच वर्तुळं काढली: २, ४, ६, ८ आणि १० सेंमी त्रिज्येची. वहीचं पान लहान पडतं, म्हणून मी दोन पानं चिकटवली होती. तर २ सेंमी रुंदीच्या पाच कड्या झाल्या. सगळ्यात आतली म्हणजे अर्थातच भरीव गोल. आता त्यांची क्षेत्रफळं. आतल्याचं 4π. दुसरीचं 16π वजा 4π, म्हणजे 12π. पुढे 20π, 28π, 36π. एकूण 100π. म्हणजे वस्तुमानाचे २५ वाटे केले तर आतून बाहेर कड्यांच्या वाट्याला १, ३, ५, ७ आणि ९ वाटे येतात. रुंदी सगळ्यांची सारखी, पण बाहेरची कडी आतल्या गोलाच्या नऊपट जड!

इथेच (M/R) dr चा निकाल लागला. तो प्रत्येक २ सेंमीला सारखंच वस्तुमान देतो, पाचातला एक वाटा. चकती तशी नसते. ५ सेंमी त्रिज्येच्या आतल्या भागात तिचं निम्मं वस्तुमान नसतं, फक्त पाव असतं. तेव्हा चकतीसाठी खरी तपासणी ही: तुमचा dm 0 पासून R/2 पर्यंत इंटिग्रेट करा, M/4 यायला हवा. (M/R) dr इथे M/2 देतो आणि पकडला जातो.

मग मी दोन्ही बेरजा हाताने केल्या. कड्यांच्या मधल्या त्रिज्या १, ३, ५, ७, ९ सेंमी. त्यांचे वर्ग १, ९, २५, ४९, ८१. प्रत्येक कडीला सारखं वस्तुमान दिलं तर या वर्गांची साधी सरासरी, १६५ भागिले ५, म्हणजे ३३. R² आहे १००, म्हणून हा साधारण एकतृतीयांश झाला. आता खरे वाटे लावले: १×१, ३×९, ५×२५, ७×४९, ९×८१. बेरीज १२२५, भागिले २५, उत्तर ४९. शंभराच्या अर्ध्याला एक कमी! पाच जाडजूड कड्यांत ४९ आलं. एकेक सेंमीच्या दहा कड्या घेतल्या तर ४९.७५ येतं. तो अर्धा मला तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला, आणि खरं सांगते, त्या ४९ चा आनंद बोर्डाच्या निकालापेक्षा जास्त होता.

मधलीच त्रिज्या का घेतली, असं कोणी विचारेल. कडीच्या आतल्या काठाची त्रिज्या घेतली तर ३६.८ येतं, बाहेरच्या काठाची घेतली तर ६३.२. खरं उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असणारच, कारण कडीतला प्रत्येक कण त्या दोन काठांच्या मधेच आहे. कड्या बारीक करत गेलं की हे दोन्ही आकडे दोन्ही बाजूंनी ५० कडे सरकतात. 'पातळ कडी'तल्या 'पातळ' या शब्दाचं काम एवढंच: तिच्यातले सगळे कण अक्षापासून जवळजवळ एकाच अंतरावर आहेत असं म्हणता आलं पाहिजे. कडी घेण्याचं कारणही तेच. तुकडा कसलाही चालतो, पण r² बाहेर काढून dm ला गुणायचं असेल तर तुकड्यात r एकच हवा.

आता ते 2πr dr. क्लासमध्ये सांगितलं होतं की π(r + dr)² − πr² सोडवा, 2πr dr + π dr² येतं, dr² लहान म्हणून सोडून द्या. माझं म्हणणं, dr पण लहानच आहे, मग तो का ठेवला? यावरही उत्तर मिळालं नव्हतं. माझ्याच पाच कड्यांवर ते तपासता येतं. प्रत्येक कडीच्या आतल्या काठाचा r घेऊन फक्त 2πr dr धरलं तर क्षेत्रफळं येतात 0, 8π, 16π, 24π, 32π. बेरीज 80π. म्हणजे 20π हरवलं, प्रत्येक कडीमागे π dr², म्हणजे 4π. आता १ सेंमीच्या दहा कड्या घ्या: कडीमागे π हरवतं, एकूण 10π. एक मिलिमीटरच्या शंभर कड्या घ्या: एकूण फक्त π. कड्या वाढतात त्याहून जोरात प्रत्येकीतली तूट घटते, म्हणून एकूण तूट संपत जाते. dr असलेलं पद टाकून दिलं असतं तर चकतीच उरली नसती! दोन वाक्यांत सांगता आलं असतं हे.

तेवढं झाल्यावर बाकीचं चार ओळींचं काम. एकक क्षेत्रफळाचं वस्तुमान M/πR², म्हणून

dm = (M/πR²) · 2πr dr = (2M/R²) r dr

I = ∫ r² dm = (2M/R²) ∫ r³ dr, 0 पासून R पर्यंत = (2M/R²) · (R⁴/4) = MR²/2

रॉडमध्ये x² होता, इथे r³ झाला. तो जादा r म्हणजे बाहेरच्या कडीची जास्तीची लांबी, दुसरं काही नाही.

MR²/3 हे उत्तर खोटं नाही, ते दुसऱ्या वस्तूचं आहे. सायकलच्या चाकातल्या तारा सगळीकडे सारख्या जाडीच्या असतात. धाव आणि मधला आस सोडून फक्त तारा धरल्या, आणि त्या अगदी केंद्रातून निघतात असं मानलं, तर त्यांचं जडत्व आघूर्ण MR²/3 च्या जवळ येईल. चकतीचे मात्र केंद्रातून बारीक त्रिकोणी तुकडे पाडले तर प्रत्येक तुकडा बाहेर रुंद होत जातो, वस्तुमान कडेला सरकतं, आणि एकतृतीयांशाच्या जागी अर्धा येतो.

हे आधीच सांगायला हवं होतं: अक्ष कुठला ते प्रश्नात दोनदा वाचा. वरचं सगळं चकतीच्या केंद्रातून जाणाऱ्या, तिच्या पृष्ठभागाला लंब असलेल्या अक्षासाठी आहे. अक्ष व्यासावरून जात असेल तर कडी निरुपयोगी, कारण एकाच कडीतले कण अक्षापासून वेगवेगळ्या अंतरावर पडतात. तिथे अक्षाला समांतर पट्टी घ्यायची. अक्षापासून x अंतरावरच्या पट्टीची लांबी 2√(R² − x²), रुंदी dx, आणि तिच्यातला प्रत्येक कण x अंतरावर. x = R sin θ घातलं की उत्तर MR²/4. अक्षाला लंब पट्टी घेतली तरी हेच येतं, पण तेव्हा पट्टीला x² लावायचा नाही. ती स्वतःच मधोमध अक्ष असलेला रॉड आहे, म्हणून तिच्यासाठी dm गुणिले लांबीचा वर्ग भागिले 12. मी दोन्ही वाटांनी करून पाहिलं, कारण तोवर कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचं सोडलं होतं.

मधोमध भोक असलेली चकती, म्हणजे वॉशर, हमखास विचारतात. आतली त्रिज्या R₁, बाहेरची R₂. कडी तीच, फक्त मर्यादा R₁ ते R₂, आणि भागताना क्षेत्रफळ π(R₂² − R₁²). उत्तर M(R₁² + R₂²)/2. भोक आहे म्हणून मधे वजा लिहिणारे पुष्कळ भेटतात. यातला M हा भोक पाडून उरलेल्या वॉशरचा आहे, हे विसरल्याने तसं होतं. वजा लिहिलं आणि R₁ वाढवत R₂ पर्यंत नेला तर उत्तर शून्य येतं. खरं म्हणजे तेव्हा बारीक कडी उरते आणि MR² यायला हवं. अधिक घेतलं की तेच येतं.