‘उतरू’ आणि ‘नये’

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहा असं पत्र आलं तेव्हा ठरवलं होतं की सगळ्यांबद्दल लिहायचं, पण खरं सांगू का, लिहायला बसलो की मराठीच्या बाईच समोर येतात आणि त्यांच्याबरोबर तो नदीचा किस्सा. बाकीच्या सर-बाईंनी माफ करावं.

सातवीत असताना परिपाठाला बातम्या वाचायची माझी पाळी आली. मी पेपर तसाच उचलून स्टेजवर गेलो, आधी एकदाही न वाचता. बातमी पावसाची होती, साधारण अशी: ‘गेल्या दोन दिवसांपासून सुरू असलेल्या मुसळधार पावसामुळे धरणातील पाणीसाठ्यात वाढ झाल्याने नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा देण्यात आला असून नागरिकांनी नदीपात्रात उतरू नये असे आवाहन प्रशासनाने केले आहे.’ सत्तावीस शब्द, एकच वाक्य, मध्ये एक स्वल्पविराम नाही. मी छाती भरून श्वास घेतला, जोरात सुरू केलं आणि ‘नागरिकांनी नदीपात्रात उतरू’ इथे दम संपला, आणि कॉलमची ओळही नेमकी तिथेच संपत होती. थांबलो, श्वास घेतला, मग ‘नये असे आवाहन’. मागून कोणीतरी ओरडलं, "बाई, उतरू का?" पुढचं काही कोणी ऐकलं नाही.

बाई रागावल्या नाहीत. मधल्या सुट्टीत बोलावलं, हातात पेन्सिल दिली आणि म्हणाल्या, "आधी क्रियापद शोध." मराठीत क्रियापद शेवटी बसतं, त्यामुळे कोणी काय केलं ते कळेपर्यंत वाक्य हातात धरून ठेवावं लागतं. मी ‘केले आहे’वर बोट ठेवलं. "आता उलटं मागे ये. कोणी केलं? काय केलं?" असं करत करत वाक्याचे तुकडे पडले आणि त्यांनी रेघा मारायला लावल्या:

‘गेल्या दोन दिवसांपासून सुरू असलेल्या मुसळधार पावसामुळे / धरणातील पाणीसाठ्यात वाढ झाल्याने // नदीकाठच्या गावांना / सतर्कतेचा इशारा देण्यात आला असून // नागरिकांनी नदीपात्रात उतरू नये / असे आवाहन प्रशासनाने केले आहे.’

एक रेघ म्हणजे जरासं थांबायचं, श्वास घ्यायचा नाही. दोन रेघा म्हणजे श्वास, तोही छोटा, आवाज न करता. छाती फुगवून घेतला की पहिल्या पाच-सहा शब्दांतच निम्मा उडून जातो, माझं तेच झालं होतं. आणि दोन्ही ठिकाणी आवाज खाली पाडायचा नाही, ‘असून’वर आवाज पडला की ऐकणाऱ्याला वाटतं बातमी संपली. आवाज खाली उतरणार तो फक्त ‘केले आहे’ला.

कुठे थांबायचं नाही हे मात्र त्यांनी जास्त घोटून घेतलं. ‘चा-ची-चे-च्या’ आला की थांबायचं नाही, त्याला पुढचं नाम हवं असतं. ‘नदीकाठच्या’ म्हणून थांबलास तर लोक विचारणार, कोण? ‘असलेल्या’चंही तेच. ‘मुळे’, ‘ल्याने’, ‘असून’ यांच्यानंतर मात्र खुशाल थांब, तिथे एक गोष्ट सांगून झालेली असते. मी विचारलं, पहिल्याच तुकड्यात दम संपला तर? त्या म्हणाल्या, मग ‘दिवसांपासून’नंतर थांब, ‘असलेल्या’नंतर नाही. विशेषण नामाला चिकटलेलं राहू दे. आणि कॉलमची ओळ कुठे संपते ते छापणाऱ्याने जागेप्रमाणे ठरवलेलं असतं, अर्थाप्रमाणे नाही, म्हणून डोळा ओळीच्या टोकाशी पोचला की जिभेच्या आधी पुढच्या ओळीवर जायला हवा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तीच बातमी परत वाचायला लावली, सगळ्यांसमोर. शिळी बातमी! पण शेवटपर्यंत कोणी हसलं नाही.

आज मी रेडिओवर बातम्या वाचतो, बारा वर्षं झाली (हे सांगायचा मोह आवरला नाही, बाई असत्या तर ‘मुद्द्यावर ये’ म्हणाल्या असत्या). अजून कागदावर पेन्सिलीनेच रेघा मारतो. टीव्हीवर नवीन मुलं प्रॉम्प्टरवरून वाचतात, तिथे तर ओळीत तीन-चारच शब्द मावतात, आणि काही जण प्रत्येक ओळीला थांबतात, मला घरी बसून ‘उतरू’ आठवतो. परिपाठाला आता बातम्या मोबाइलवरून वाचतात असं ऐकलं. त्यावर रेघा कुठे मारणार, कोण जाणे.

समारंभात अहवाल वाचायचं काम माझ्याकडे आलंय. कागद मिळाला, रेघा मारून झाल्या. दुसऱ्या पानावरच्या एका वाक्यात मात्र सलग पाच ‘च्या’ आहेत, श्वासाला जागाच नाही, म्हणून त्याची मी गुपचूप दोन वाक्यं केली आहेत. ज्यांनी लिहिलंय त्यांना अजून सांगितलेलं नाही.