नऊ मिनिटांचा हेलकावा

तक्रार आली ती तापमानाची. डिस्टिलेशन कॉलमच्या मधल्या ट्रेचं तापमान सेटपॉइंटच्या खाली-वर झुलत होतं, त्यापायी प्रॉडक्टची शुद्धता हलत होती आणि लॅबचे रिपोर्ट एकदा बरे, एकदा वाईट येत होते. पॅनेलवरचे ऑपरेटर वैतागून तापमानाचा कंट्रोल लूप मॅन्युअलला टाकून, म्हणजे आउटपुट हाताने धरून, बसले होते. तापमानाच्या कंट्रोलरचं ट्युनिंग थोड्याच दिवसांपूर्वी बदललं होतं, म्हणून सगळ्यांचं बोट तिकडेच होतं. मला सांगण्यात आलं, "गेन कमी करून द्या, संपलं."

गेन म्हणजे सेटपॉइंटपासूनच्या फरकाला कंट्रोलर किती जोराने उत्तर देतो तो आकडा, आणि तो कमी करणं हे दोन मिनिटांचं काम. पण ऑपरेटरने बोलता बोलता एक गोष्ट सांगितली. तापमानाचा लूप मॅन्युअलला टाकल्यावर हेलकावा लहान झाला, थांबला मात्र नाही. हेलकावा लूपच्या स्वतःच्या ट्युनिंगमुळे असेल, तर कंट्रोलर बाजूला केल्यावर तो विरून जायला हवा. विरत नसेल तर बाहेरून कोणीतरी ढकलतंय.

मग त्या कॉलमभोवतीचे सगळे लूप एकाखाली एक लावून बघितले. एरर, म्हणजे सेटपॉइंट आणि मोजलेल्या आकड्यातला फरक, शून्याला कुठे कुठे ओलांडतो त्या वेळा काढायच्या आणि दोन ओलांडण्यांमधलं अंतर मोजायचं. नुसता नॉइज असेल तर ही अंतरं वाटेल तशी असतात. खरा हेलकावा असेल तर ती जवळपास सारखी येतात. तापमानात अंतर साडेचार मिनिटांच्या आसपास होतं, म्हणजे पूर्ण फेरी नऊ मिनिटांची. कॉलमच्या तळाच्या लेव्हलमध्येही नऊ. दोन लूपना अगदी एकच कालावधी योगायोगाने मिळत नाही, म्हणजे दोघांचा उगम एकच असणार.

फीड फ्लोवर माझा संशय होता, पण जुना डेटा साठवणाऱ्या हिस्टोरियनमध्ये फीडची रेघ सरळसोट होती. इतकी सरळ, की तिचाच संशय यावा. ऑरिफिसवर मोजलेला फ्लो इतका गुळगुळीत कधीच नसतो. टॅगची सेटिंग उघडली तर स्पॅनच्या 3 टक्क्यांपेक्षा लहान बदल नोंदवूच नये असं तिथे कोणीतरी ठरवून ठेवलं होतं. डिस्क वाचवण्यासाठी हे सर्रास करतात, आणि मग त्याच डेटावरून लूप तपासायला सांगतात. हिस्टोरियन सोडून दिला आणि प्लांट चालवणाऱ्या कंट्रोल सिस्टिमवरून, म्हणजे डीसीएसवरून, पाच सेकंदांचा कच्चा डेटा घेतला. फीड फ्लो सेटपॉइंटच्या वर 1.2 टक्के, खाली 1.2 टक्के असा हलत होता. शून्य ते शंभरच्या स्केलवर हे कोणाच्या डोळ्यांत येणार?

कालावधी तोच होता. खरी बातमी आकारात होती. फ्लोची रेघ चौकोनी दिसत होती. काही मिनिटं वरच्या पातळीवर सपाट, मग एकदम उडी, मग तितकाच वेळ खालच्या पातळीवर सपाट. त्याच वेळी कंट्रोलरचा आउटपुट तिरका चढत होता, उडीच्या क्षणी उलटत होता आणि तिरका उतरत होता. चौकोनी पीव्ही, म्हणजे मोजलेला फ्लो, आणि त्रिकोणी ओपी, म्हणजे कंट्रोलरचा आउटपुट, ही फ्लो लूपमध्ये अडकणाऱ्या व्हॉल्व्हची ओळख. आउटपुट वाढतोय, व्हॉल्व्हचा दांडा, म्हणजे स्टेम, जागचा हलत नाही, एरर तसाच राहतो म्हणून एरर साठवत जाणारा इंटिग्रल आणखी ढकलतो, आणि घर्षण मोडलं की स्टेम गरजेपेक्षा जास्त उडी मारतो. मग उलट्या दिशेने तेच.

पीव्ही आणि ओपीमधलं क्रॉस-कोरिलेशन, म्हणजे दोघे एकमेकांसोबत किती हलतात तो आकडा, तोही काढला. शून्य लॅगला, म्हणजे एकाला मागेपुढे न सरकवता, तो जवळपास शून्य आला, म्हणजे दोघांत पाव फेरीचं अंतर. घट्ट ट्युनिंग किंवा बाहेरचा धक्का असता तर पीव्ही आणि ओपी एकमेकांच्या साधारण उलट दिसले असते आणि आकडा ठळक ऋण आला असता. लेव्हलला मात्र ही कसोटी मी लावली नाही. लेव्हल स्वतःच इंटिग्रेट करते, तिथे फेजचा हिशेब बदलतो आणि उत्तर फसवं येतं.

मला सर्वात पटवणारा पुरावा मात्र साध्या गुणाकाराचा होता. फीड कंट्रोलरचा गेन 0.3, इंटिग्रल टाइम 35 सेकंद. एरर 1.2 टक्क्यांवर स्थिर असेल, तर आउटपुट मिनिटाला सुमारे 0.6 टक्का सरकणार. ट्रेंडवर आउटपुट टोकापासून टोकापर्यंत 3.5 टक्के फिरत होता. त्यातला 0.7 उडीच्या क्षणी, एररच्या प्रमाणात लगेच उत्तर देणाऱ्या प्रपोर्शनलमुळे एका झटक्यात जायचा. उरलेले 2.8 टक्के मिनिटाला 0.6 ने चालायला साडेचार मिनिटं. म्हणजे बरोबर अर्धी फेरी! हेलकाव्याचा कालावधी व्हॉल्व्हची पकड आणि ट्युनिंग मिळून ठरवत होते. म्हणूनच अशा वेळी गेन कमी केला की हेलकावा नऊचा पंधरा मिनिटांचा होतो, जात नाही.

तापमान आणि लेव्हलच्या रेघा मात्र गोलसर, साइन लाटेसारख्या होत्या. चौकोनी लाटेचे कोपरे ट्रेंवरून जाता जाता झिजतात, कॉलम फिल्टरचं काम करतो. एकाच कालावधीचे अनेक लूप दिसले तर ज्याचा आकार सर्वात धारदार, तो उगमाच्या सर्वात जवळचा.

इन्स्ट्रुमेंटच्या माणसाला सोबत घेऊन चाचणी केली. फीडचा लूप मॅन्युअल, आउटपुट आधी एकदा खाली आणून थांबवला, मग अर्ध्या अर्ध्या टक्क्याने वर. तो व्हॉल्व्हपाशी स्टेमच्या पट्टीवर नजर ठेवून, मी पॅनेलवर. प्रत्येक पायरीला वॉकीटॉकीवर एकच उत्तर, "नाही हलला." सातव्या पायरीला, साडेतीन टक्क्यांवर, "गेला!" आणि इकडे फ्लो सुमारे 2.4 टक्क्यांनी उडाला. दरम्यान, फीड मॅन्युअलला असताना लेव्हलचा हेलकावाही विरत गेला.

"मागे ग्लँडमधून गळत होतं, तेव्हा आवळलं होतं," तो म्हणाला. स्टेमभोवतीचं ग्रॅफाइट पॅकिंग, आणि नट गळती थांबेपर्यंत नाही तर हात थकेपर्यंत आवळलेले. व्हॉल्व्ह चालू लाइनवर असताना पॅकिंग सैल करणं शक्य नव्हतं. बायपास घेण्याची संधी मिळेपर्यंत फीड मॅन्युअलला ठेवला. ऑपरेटर कुरकुरले, पण कॉलम शांत झाला.

नवीन पॅकिंग बसल्यावर तीच चाचणी पुन्हा केली. आता पहिल्याच अर्ध्या टक्क्याला स्टेम हलत होता, फ्लोचा चौकोन गेला होता.

तापमानाचं मात्र प्रकरण बाकी होतं. सेटपॉइंट जरासा बदलून बघितला, तर तापमान आठेक मिनिटांच्या फेऱ्यांनी बराच वेळ घुमत राहिलं आणि मग कुठे स्थिरावलं. म्हणजे ट्युनिंगवरचा आरोप अर्धा खरा होता. हा लूप स्वतःहून झुलत नव्हता, पण त्याची स्वतःची लय आठ मिनिटांची आणि फीडचा धक्का नऊ मिनिटांचा, त्यामुळे ते 1.2 टक्के इथे येऊन फुगत होते. मॅन्युअलला टाकल्यावर हेलकावा लहान का झाला होता, तेही यातूनच उलगडलं. गेन निम्म्यावर आणला, इंटिग्रल टाइम थोडा वाढवला. आता सेटपॉइंट बदलल्यावर एकदा हलकंसं वर जाऊन तापमान बसतं. लेव्हलच्या ट्युनिंगला हातही लावला नाही, ते मुळात ठीक होतं. हिस्टोरियनमधली ती 3 टक्क्यांची सेटिंग मात्र त्याच दिवशी काढायला लावली.