दुसऱ्या अंतऱ्याआधीची सारंगी

"आवडणाऱ्या व्यक्तीला गाणं पाठवून मनातलं सुचवायचं असेल, तर कोणतं गाणं पाठवावं?"

ज्यात प्रेमाची सरळ कबुली आहे, ते गाणे निदान पहिल्यांदा तरी पाठवू नये. गाण्याची सोय ही, की समोरच्याला रस नसेल तर तो चालीबद्दल दोन शब्द बोलून विषय संपवू शकतो आणि दोघांपैकी कोणीच अवघडत नाही. शब्द फार उघड असले की ही पळवाट बंद होते आणि त्याला होकार किंवा नकार यांपैकी काहीतरी द्यावेच लागते.

हे मला उशिरा कळले. एकदा मी एकीसाठी बावीस गाण्यांची प्लेलिस्ट केली होती आणि नुसता क्रम लावण्यात दोन रात्री घालवल्या होत्या, कारण पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत माझे मन हळूहळू उलगडत जावे, असा माझा बेत होता. तिने ती प्रवासात शफलवर लावली. "छान आहेत गाणी," एवढेच उत्तर आले, आणि दीड तासाच्या ऐवजाला याहून वेगळे उत्तर येणार तरी काय होते!

पुढे एका मैत्रिणीने गप्पांच्या ओघात सांगितले, की गाण्यात ती मुखड्यापेक्षा दोन कडव्यांमधल्या वाद्यांची वाट पाहते. ते माझ्या लक्षात राहिले. आठवड्याभराने मी तिला एकच गाणे पाठवले आणि सोबत लिहिले, "दुसऱ्या अंतऱ्याआधीची सारंगी ऐक, तू म्हणाली होतीस त्यावरून आठवलं." या ओळीत प्रेमाचा उल्लेख नाही, पण तिचे बोलणे मी जपून ठेवले आहे, हे तिला त्यातून कळत होते, आणि सुचवायचे होते ते तेवढेच.

त्यानंतरचे अवघड काम गप्प बसण्याचे. निळ्या टिकांवरून संदेश पाहिल्याचे कळते, गाणे ऐकल्याचे नाही, आणि "ऐकलंस का?" असे विचारले की भेटीची वसुली होते. दोन दिवसांनी तिने लिहिले, "सारंगी सुंदरच, पण ती सुरू होताना तबला क्षणभर थांबतो, ती जागा मी चारदा ऐकली." खाली तिने स्वतःहून एक गाणे जोडले होते. नुसते "मस्त" आले असते, तर मी आणखी एकदा पाठवून पाहिले असते आणि पुन्हा तेच आल्यावर थांबलो असतो; गाण्यातली नेमकी जागा सांगणे आणि उलट गाणे धाडणे, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून मला धीर आला.

तरीही तिला गाणीच आवडत असतील आणि मी नाही, ही शंका उरलीच होती, आणि ती फेडणे कोणत्याही गाण्याला जमण्यासारखे नव्हते. महिनाभर अशी देवाणघेवाण झाल्यावर मी तिला साध्या शब्दांत विचारले, त्या वेळी गाणे पाठवले नाही.