उताऱ्यातला एक ‘जणू’ आणि माझी हरकत

सरळसेवा भरतीच्या परीक्षेत मराठीच्या अपठित उताऱ्यावर पाच प्रश्न आले होते. त्यातल्या एका प्रश्नाचं उत्तर उत्तरतालिकेत चुकीचं छापलं होतं. ते बदलून घेताना जो मनस्ताप झाला त्याचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून सगळं लिहून काढते आहे. कुणाची हरकतीची मुदत आत्ता चालू असेल तर पुढचं वाचण्याआधी लॉगिनमधून आपली प्रतिसादपत्रिका उतरवून घ्या. आमच्या वेळी मुदत संपताच ती दिसायची बंद झाली, आणि ती हातात नसेल तर हरकत कशावर घेणार?

अर्ज, प्रवेशपत्र, मिरजेचं परीक्षा केंद्र यात काहीच अडचण आली नाही, म्हणून ते सोडून देते.

उतारा पावसाळ्यातल्या आठवडी बाजारावर होता. आषाढाची झड, ताडपत्र्या ताणून उभी केलेली पालं, चिखलावर पोती अंथरून मांडलेले भाजीचे वाटे. आम्हा सांगलीकडच्या मुलांना यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. तरीही शब्दार्थाच्या प्रश्नांत आमच्या विश्रामबागच्या अभ्यासिकेतली बरीच मुलं अडकली. एक प्रश्न ‘वाफसा’ या शब्दाचा होता. पर्यायांत ‘पाऊस थांबणे’ आणि ‘पेरणीजोगी ओल’ हे दोन्ही होते, आणि घाईत पहिल्यावर बोट जातं. पण उताऱ्यातलं वाक्य असं होतं: ‘दोन दिवसांच्या उघडिपीनंतर वाफसा आला आणि बाजार रोडावला.’ पाऊस थांबल्याचं ‘उघडीप’ या शब्दानेच सांगून झालं आहे. मग वाफसा म्हणजे त्यानंतर घडणारी वेगळी गोष्ट असणार. जादा पाणी निचरून जमिनीत कुळव, पाभर चालण्याजोगी ओल राहिली, म्हणून शेतकरी बाजार सोडून रानात गेला. शेतीतलं काही माहीत नसलं तरी शेजारच्या शब्दावरून हे उत्तर निघतं. दुसऱ्या प्रश्नात ‘मोड’ होता. मटकीला आलेले मोड आणि गिऱ्हाइकाला द्यायला नसलेली मोड, दोन्ही एकाच परिच्छेदात. अधोरेखित कुठला आहे ते पाहिलं की झालं.

आता खरा प्रश्न. उताऱ्यातलं वाक्य होतं: ‘ताडपत्रीवरून ठिबकणारे थेंब जणू दिवसाचा गल्ला मोजत होते.’ अलंकार ओळखा. पर्याय उपमा, रूपक, उत्प्रेक्षा, चेतनगुणोक्ती. मी उत्प्रेक्षा निवडलं. पहिल्या उत्तरतालिकेत उपमा!

अभ्यासिकेत सगळे म्हणाले, ‘जणू’ आलं की उत्प्रेक्षा, यात वाद कसला. मलाही तेच वाटत होतं, पण हरकतीत तेवढं लिहून भागत नाही. तालिका करणाऱ्यालाही ‘जणू’ दिसलाच असणार. त्याने तो ‘सारखा’, ‘प्रमाणे’, ‘परी’ यांच्या रांगेतला तुलनेचा शब्द समजला. त्यामुळे या वाक्यात तुलना का होत नाही, ते दाखवणं भाग होतं. मी शाळेतल्या आमच्या निवृत्त मराठीच्या सरांकडे गेले. त्यांनी वाक्य दोनदा वाचलं आणि विचारलं, “अगं, थेंबांची तुलना कशाशी केलीय, ते मला दाखव बघू.”

मी म्हटलं, “गल्ला मोजणाऱ्या दुकानदाराशी, सर.”

“तो वाक्यात आहे का?”

नव्हता. तिथेच उत्तर होतं. ‘थेंब मोत्यांसारखे टपोरे होते’ या वाक्यात थेंब हे उपमेय, मोती हे उपमान, टपोरेपणा हा दोघांतला समान धर्म आणि ‘सारखे’ हा साधर्म्य दाखवणारा शब्द आहे. चारही गोष्टी बोट ठेवून दाखवता येतात, म्हणून ती उपमा. आमच्या वाक्यात उपमान म्हणून दुसरी वस्तूच नाही. थेंब एकामागून एक पडताहेत, आणि ते पडणं म्हणजे जणू मोजणंच आहे अशी कल्पना लेखकाने केली आहे. कल्पना क्रियेवर बसवलेली आहे. उपमेय हे जणू उपमानच आहे असं जिथे कल्पिलं जातं, तिथे उत्प्रेक्षा होते.

सर म्हणाले, हा घोळ आजचा नाही. दण्डी या संस्कृत काव्यशास्त्रज्ञाने, म्हणजे साधारण सातव्या शतकाच्या आसपास, ‘काव्यादर्शा’त नेमका हाच वाद घेतला आहे. ‘लिम्पतीव तमोऽङ्गानि वर्षतीवाञ्जनं नभः’, म्हणजे अंधार जणू अंगांना माखतो आहे, आभाळ जणू काजळ बरसतं आहे. यात ‘इव’ ऐकून काही जणांना उपमेचा भ्रम होतो, पण क्रियापद हे उपमान होऊ शकत नाही, म्हणून ही उत्प्रेक्षा, असं त्याचं म्हणणं. ‘इव’च्या जागी ‘जणू’ ठेवला की आमचा बाजाराचा प्रश्न तयार होतो. मी ते ऐकून इतकी खूश झाले की हरकतीत पहिला दण्डीच लिहिणार होते. सरांनी थांबवलं. तपासणाऱ्याला शालेय पाठ्यपुस्तक किंवा सर्वांना माहीत असलेलं व्याकरणाचं पुस्तक समोर हवं असतं. म्हणून मी बालभारतीच्या पुस्तकातलं अलंकाराचं पान आणि मो. रा. वाळंबे यांच्या व्याकरणातली उपमा-उत्प्रेक्षेची पानं जोडली. दण्डी एका ओळीत, शेवटी.

सरांची आणखी एक सूचना मला सगळ्यात मोलाची वाटते. हरकतीत तालिकेतलं उत्तर खोडून थांबू नका, जवळचा दुसरा पर्यायही खोडा. इथे तो चेतनगुणोक्ती होता. मोजणं हे माणसाचं काम, थेंब निर्जीव, मग ती का नाही? ‘थेंब दिवसाचा गल्ला मोजत होते’ एवढंच वाक्य असतं तर ती चेतनगुणोक्तीच झाली असती. ‘जणू’ घातल्यामुळे लेखकाने ते घडतं आहे असं म्हटलेलं नाही, तशी संभावना केली आहे. हे लिहिलं नसतं तर समितीला दोन उत्तरं संभवतात असं म्हणून प्रश्नच रद्द करणं सोपं होतं, आणि मग माझ्या बरोबर उत्तराला वेगळा अर्थ उरला नसता.

एवढा अभ्यास करून मी हरकत भरायला बसले, आणि खरा छळ तिथे सुरू झाला.

मजकुराच्या चौकटीत मराठीत काहीही लिहिलं की लाल अक्षरांत `Special characters not allowed` असं यायचं. अवतरणचिन्हं काढली, तरी तेच. स्वल्पविराम काढले, तरी तेच. मराठीच्या प्रश्नावरची हरकत मराठीत घेता येत नाही, हे कुणाच्या डोक्यात आलं नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. मदतकेंद्राला फोन केला तर बराच वेळ धून वाजत राहायची, मग आवाज यायचा, “मॅडम, ईमेल करा.” ईमेलला आपोआप गेलेली पोच आली आणि पुढे काही नाही. इकडे मुदत संपत आलेली, आणि एका प्रश्नाचं शुल्क शंभर रुपये. ते आधी भरलं आणि हरकत गेलीच नाही तर काय, ही धास्ती वेगळी.

शेवटी अभ्यासिकेतल्या एका मैत्रिणीने वाट काढली. चौकटीत चिन्हांशिवाय एवढंच इंग्रजीत टाकायचं की उत्तर चूक आहे, सविस्तर म्हणणं जोडलेल्या फाइलमध्ये आहे, आणि सगळा मराठी मजकूर पीडीएफमध्ये द्यायचा. फोनवर काढलेले पानांचे फोटो मर्यादेपेक्षा मोठे झाले, म्हणून झेरॉक्सच्या दुकानात जाऊन काळ्यापांढऱ्यात स्कॅन करून घेतले. तेव्हा फाइल चढली. मजकूर असा होता:

‘वाक्यात उपमान म्हणून स्वतंत्र वस्तू नाही व साधर्म्यदर्शक शब्द नाही, म्हणून उपमा नाही. थेंबांच्या ठिबकण्यावर गल्ला मोजण्याच्या क्रियेची कल्पना ‘जणू’ या शब्दाने केली आहे, म्हणून उत्प्रेक्षा. ‘जणू’मुळे मानवी क्रियेचा थेट आरोप होत नाही, म्हणून चेतनगुणोक्ती नाही. पुराव्याची पाने सोबत, संबंधित ओळी अधोरेखित.’

एवढं पुरतं. परीक्षेवरचा राग, आपली परिस्थिती, किती वर्षं तयारी करतो आहोत हे यात घालू नका. मला ते सगळं लिहावंसं वाटत होतं, पण तपासणाऱ्याचं काम त्या एका वाक्यापुरतं असतं.

मध्येच आठवलं म्हणून सांगते, कारण यात आमच्याकडच्या एका मुलाची हरकत वाया गेली. प्रश्नाचा क्रमांक आणि पर्यायाचा क्रमांक लिहू नका. संगणकावरच्या परीक्षेत प्रश्नांचा आणि पर्यायांचा क्रम प्रत्येकाला वेगळा येऊ शकतो. तुमचा तेविसावा प्रश्न दुसऱ्याचा एकतिसावा असतो. प्रतिसादपत्रिकेत प्रश्नाखाली `Question ID` असा लांब आकडा असतो, तोच लिहा, आणि पर्याय आकड्याने न सांगता शब्दात लिहा: ‘उत्प्रेक्षा’. उताऱ्याच्या पाचही प्रश्नांवर तोच उतारा पुन्हा दिसतो, त्यामुळे शेजारच्या प्रश्नाचा आकडा उचलला जाण्याची भीती इथे जास्त.

अंतिम उत्तरतालिका लागायला खूप वेळ गेला. रोज संकेतस्थळ उघडून पाहत होते. लागली तेव्हा त्या प्रश्नासमोर उत्प्रेक्षा होतं. गुण तर वाढलेच, पण आपलं म्हणणं कुणीतरी नीट वाचलं याचा मला जास्त आनंद झाला. सरांना फोन केला, तर ते म्हणाले, “चेतनगुणोक्ती खोडली होतीस ना? मग झालं.”

हरकत मान्य झाली तर शुल्क परत मिळेल असं आमच्या सूचनापत्रात लिहिलं होतं, पण ते ज्या खात्यातून भरलं त्याच खात्यात येतं. मी मैत्रिणीच्या फोनवरून भरलं होतं, त्यामुळे पैसे तिच्याकडे आले आणि मी माझं खातं तपासत बसले. शुल्क आपल्याच खात्यातून भरा आणि पावतीवरचा व्यवहार क्रमांक प्रतिसादपत्रिकेसोबत ठेवा.