५,४६० कप आणि एक लाकडी बोट

योकोहामाच्या कपनूडल्स म्युझियममध्ये एक दालन आहे, तिथे आपला कप आपणच बनवायचा. आधी हातात रिकामा पांढरा कप मिळतो. टेबलांवर रंगीत मार्कर मांडलेले असतात. ताईने दहा मिनिटं खपून कपावर मांजर काढलं. मी माझं नाव देवनागरीत लिहिलं, तर शेजारचा मुलगा आपलं चित्र सोडून शिरोरेषा बघत बसला.

मग काउंटर. तिथे नूडल्सची घट्ट चकती ठेवलेली असते, तिच्यावर तुमचा कप पालथा घालतात आणि हँडल तुमच्याच हातून फिरवून घेतात. कप सुलटा होतो तेव्हा चकती आत मधोमध अडकून बसलेली असते, तळाला पोकळी राहते. त्या पोकळीमुळे नूडल्स वाहतुकीत मोडत नाहीत आणि ओतलेलं पाणी खालूनही लागतं. चकती कपात घालायची ती वरून नाही, तर कपच तिच्यावर उपडा करायचा, ही युक्ती कप नूडल बनवणाऱ्या निस्सिन कंपनीचे संस्थापक मोमोफुकू आंदो यांची. त्यानंतर चार सूपांपैकी एक निवडायचं, मग बारा जिनसांमधून चार: कोळंबी, अंडं, कांद्याची पात, चीज, किमची असं काही. वर झाकण, प्लास्टिकचं आवरण, आणि कप हवा भरलेल्या पिशवीत घालून गळ्यात.

एकूण ५,४६० प्रकार होतात, असं तिथे सांगतात. ताई गणित शिकवते, त्यामुळे आम्ही पुढे सरकू शकलो नाही.

"बारातून चार म्हणजे ४९५. सूपं चार, म्हणजे १,९८०. हे ५,४६० आणले कुठून?"

"एकच जिन्नस दोनदा घेता येत असेल."

ती दोन मिनिटं गप्प. "बरोबर. मग १,३६५ होतात, गुणिले चार. म्हणजे चारही वेळा कोळंबी घेतलीस तरी चालतं." आणि लगेच, "पण कप, चकती, गरम पाणी आणि तीन मिनिटं, ते एकच. ते कुणी विचारलंच नाही आपल्याला."

पुढचे सहा दिवस मी हे वाक्य घेऊन जपानभर फिरलो.

जागतिकीकरणावर वाद घालणारे साधारण दोन गटांत असतात. एकाच्या मते जग एकसारखं होत चाललंय. दुसऱ्याच्या मते कुठलीही वस्तू नव्या ठिकाणी गेली की तिथली होऊन जाते. या दुसऱ्या म्हणण्याला 'ग्लोकलायझेशन' हा शब्द १९९०च्या दशकात समाजशास्त्रज्ञ रोलंड रॉबर्टसन यांनी रूढ केला, आणि त्यामागे जपानी शब्द आहे, 'दोचाकुका'. मूळ अर्थ शेतीतला: लागवडीची रीत त्या त्या मातीला जुळवून घेणं. पुढे तो जपानी कंपन्यांनी उचलला. मला गंमत वाटते ती या उसनवारीची. शेतकरी जुळवून घेतो तेव्हा जमीन त्याची असते. कंपनी जुळवून घेते तेव्हा जमीन दुसऱ्याची असते.

आंदोंची गोष्ट मात्र या दोन्ही गटांना अडचणीची आहे. त्यांनी १९५८ साली झटपट रामेन बनवलं. रामेन जपानी म्हणून जगभर ओळखलं जातं, पण त्या नूडल्स जपानात आल्या चीनमधून. १९६६ साली ते अमेरिकेत माल दाखवायला गेले. तिथे वाडगा नव्हता. समोरच्या खरेदीदारांनी चकती मोडली, कागदी कपात टाकली, वर गरम पाणी ओतलं आणि काट्याने खाल्ली. दुसरा कुणी असता तर त्या लोकांना वाडगा न् काड्या वापरायला शिकवत बसला असता. आंदोंनी त्यांचीच रीत उचलली, आणि १९७१ साली कप नूडल जपानात विकायला आणलं. आधी जपानात. टोकियोच्या गिंझामध्ये लोक रस्त्यावर उभ्या उभ्या प्लास्टिकच्या काट्याने ते खाऊ लागले. त्याच वर्षी, त्याच गिंझात मॅकडॉनल्ड्सचं जपानमधलं पहिलं दुकान उघडलं. चीनचा पदार्थ, जपानी कारखाना, अमेरिकी कप, आणि विक्री जपानमध्ये. यात मूळ कुठलं आणि नक्कल कुठली, ते काढायला बसलो तर हाती काही लागत नाही.

विचारायचा प्रश्न ताईचाच होता: काय बदलता येतं, आणि काय बदलायचा पर्यायच नाही?

याची परीक्षा घ्यायला आम्ही टोकियोच्या एका दुकानातून 'दोनबेई' विकत घेतलं. त्याच कंपनीचा १९७६पासूनचा कप, आत जाड उदोन नूडल्स आणि वर गोडसर तळलेल्या टोफूचा तुकडा. बाहेरून देशभर एकच. पण नीट बघितलं तर कपावर बारीक 'ई' असतं किंवा 'डब्ल्यू', इंग्रजी अक्षरात: ईस्ट आणि वेस्ट. पूर्वेच्या सूपात सुक्या बोनिटो माशाचा आणि गडद सोया सॉसचा जोर, पश्चिमेच्या सूपात कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाचा आणि फिक्या सोया सॉसचा. हे कंपनीच्या डोक्यातून निघालेलं नाही. होक्काइदोचं कोंबू जुन्या काळी जहाजांनी पश्चिम किनाऱ्याकडून ओसाकाला यायचं, म्हणून ओसाकाचा रस्सा त्यावर उभा राहिला.

'ई'चा कप बॅगेत ठेवून आम्ही शिनकान्सेनने ओसाकाला निघालो. गिफु-हाशिमा स्टेशन गेल्यावर मी खिडकीला नाक लावून बसलो. डोंगर जवळ येतात, गाडी सेकिगाहाराजवळून जाते. १६०० साली इथे झालेल्या लढाईने जपानची सत्ता कुणाकडे जाणार ते ठरलं, आणि आजही पूर्व-पश्चिम चवीची सीमा साधारण इथेच मानतात. खिडकीतून काय दिसतं? भातखाचरं, घरं, एक गोदाम. मी फोटो काढेपर्यंत गाव मागे पडलं होतं.

रात्री ओसाकाच्या हॉटेलच्या खोलीत दोन्ही कप शेजारी ठेवले, पाणी ओतलं, पाच मिनिटं थांबलो. फरक आधी डोळ्यांना कळला. 'ई'चं पाणी काळसर चहासारखं, 'डब्ल्यू'चं एवढं फिकं की तळाच्या नूडल्स दिसत होत्या. 'ई'मध्ये पहिल्या घोटाला धुराचा, सुक्या मासळीचा वास येतो आणि खारटपणा जिभेच्या टोकाला लागतो. 'डब्ल्यू' आधी काहीच वाटत नाही, घोट गिळल्यावर मागाहून चव भरते. ताईला 'डब्ल्यू' आवडलं, मला 'ई'. टोफू दोन्हीकडचा मला सारखाच लागला.

पूर्वेची चव साऱ्या देशावर लादणं कंपनीला सोपं होतं. तसं केलं नाही, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवं. पण खरा रस्सा सेकिगाहाराला एकदम रंग बदलत नाही. तो गावागणिक, घरागणिक थोडा थोडा फिका होत जातो, मधल्या कितीतरी गावांत दोन्हीचं मिश्रण असतं. कारखान्याला तसा उतार परवडत नाही, त्याला रेष लागते. मग कितीतरी चवींच्या जागी मोजक्या चवी येतात, आणि प्रत्येकीला पत्ता मिळतो. एकसारखेपणा मला या जागी दिसला, चवीत नव्हे तर चवींच्या मोजदादीत.

सिनेमातही हेच दोन्ही प्रकार सापडतात. पिक्सारच्या 'इनसाइड आउट'मध्ये (२०१५) लहान मुलीला ब्रोकोली आवडत नाही. जपानी मुलांना ब्रोकोली चालते, ढोबळी मिरची चालत नाही, म्हणून जपानसाठी ती दृश्यं बदलून ताटात ढोबळी मिरची ठेवली. काम बारकाईने केलंय, पोरं हसली असतील. पण हा बारा जिनसांमधला एक जिन्नस झाला. काढा, दुसरा घाला, कप तसाच.

'गॉडझिला'चं तसं नाही. ओसाकाहून टोकियोत परतलो त्या रात्री आम्ही १९५४ची इशिरो होंदा यांची मूळ आवृत्ती आणि १९५६ची अमेरिकी आवृत्ती पाठोपाठ पाहिली. राक्षस शहर तुडवतो ही चौकट अमेरिकी. दृश्यपरिणामांची बाजू सांभाळणारे एइजी त्सुबुराया तर 'किंग काँग'चे भक्त. पण बाहुली एकेका चौकटीला कणाकणाने हलवत चित्रित करायला ना वेळ होता ना पैसा, म्हणून माणसालाच जड रबरी पोशाखात घातलं आणि छोट्या शहरातून चालवलं. त्या अडचणीतून नवी चित्रभाषा निघाली. आशय तर सगळाच इथला. १ मार्च १९५४ला बिकिनी बेटावरच्या अमेरिकी हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली, आणि किरणोत्सारी ट्यूनाच्या भीतीने बाजार हादरले. त्याच नोव्हेंबरात सिनेमा आला. त्यात लोकलमध्ये एक बाई वैतागून म्हणते, की आधी ते अणूचं ट्यूना, मग किरणोत्सारी पाऊस, आणि आता वर हा गॉडझिला.

दोन वर्षांनी अमेरिकी वितरकांनी मध्येच एक अमेरिकी वार्ताहर घुसवला, नट रेमंड बर. पाठमोऱ्या बदली नटांशी तो बोलतो, आणि मूळ सिनेमात तो होताच असा भास होतो. ती लोकलमधली बाई गेली. चाचण्या चालूच राहिल्या तर आणखी एखादा गॉडझिला येईल, हा म्हाताऱ्या शास्त्रज्ञाचा शेवटचा इशारा गेला, त्या जागी बरचं दिलासा देणारं निवेदन आलं. ९६ मिनिटांचे ८० मिनिटं झाले. हेही स्थानिकीकरणच, अमेरिकी प्रेक्षकांसाठीचं. ब्रोकोलीच्या जागी निदान मिरची ठेवली होती, इथे भाजी काढून ताट तसंच पुढे केलं. पुढे ही आवृत्ती जपानातही दाखवली गेली.

राख पडलेली ती मासेमारी बोट, दाइगो फुकुर्यू मारू, अजून आहे. शेवटच्या दिवशी टोकियोच्या शिन-किबा स्टेशनवर उतरून युमेनोशिमाला गेलो. पूर्वी ही कचऱ्याने भरून काढलेली जमीन होती. पुढे नाव बदलून वापरलेली ही बोट अखेर इथेच टाकून दिली होती, लोकांनी ती ओळखली आणि वाचवली. १९७६पासून तिच्याभोवती इमारत आहे. आत शिरलं की बोट अंगावर येते, काळवंडलेल्या लाकडाची, सुमारे तीस मीटर. २३ खलाशी होते. रेडिओ सांभाळणारे कुबोयामा आइकिची १९५४च्याच सप्टेंबरात वारले.

बाहेर एक दगड आहे, त्याच्यावर जपानीत कोरलंय 'ट्यूनाचं स्मारक'. त्सुकिजीच्या बाजारात जमिनीत पुरून टाकलेल्या त्या माशांसाठी. दगडाजवळ बाक दिसला तसे आम्ही बसलो. भूक लागलेली. ताईने पिशवीतून स्टेशनवर घेतलेली भाताची ओनिगिरी काढली. आत ट्यूना आणि मेयोनीज. वेष्टन अर्धं उघडून झाल्यावर तिचं दगडाकडे लक्ष गेलं.

"स्टेशनवर खाऊ," ती म्हणाली, आणि प्लास्टिकची पट्टी पुन्हा चिकटते का ते बघू लागली.